सहावर सहा कधीच न पडणारा फासा

४, ५, ६, ५, ६, ३, ६, ५, ४, ३. एका फाशाची ही लागोपाठची दहा दानं आहेत. वरवर पाहिलं तर त्यांत वावगं काही दिसत नाही. एक आणि दोन पडलेले नाहीत, पण दहा दानांत तसं होऊ शकतं. आता पुन्हा एकदा फक्त सम-विषम बघा. सम, विषम, सम, विषम, शेवटपर्यंत असंच. दहाच्या जागी दहा कोटी दानं टाकली तरी ही साखळी तुटणार नाही.

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चौघं एका मोबाइलवर लुडो खेळतात, त्या खेळात हा फासा बसवला तर काय होईल? सहा पडला की पुन्हा टाकायची संधी मिळते, पण दुसरा सहा कधीच पडणार नाही, कारण सहानंतर विषमच दान येणार. लागोपाठ तीन सहा पडले तर डाव बाद हा नियम कागदावरच राहील. व्यापारासारख्या दोन फाशांच्या खेळात एकामागून एक दोन दानं घेतली, तर जोडी कधीच लागणार नाही आणि बेरीज दरवेळी विषमच येईल: ९, ११, ९, ११, ७.

हा फासा मी मुद्दाम बिघडवलेला नाही. जुन्या बीएसडी युनिक्समधल्या सी लायब्ररीचं `rand()` हेच करत असे. बीज, म्हणजे जिथून क्रम सुरू होतो ती संख्या, शून्य ठेवून `rand() % 6 + 1` केलं की वरची दहा दानं याच क्रमाने मिळतात. ज्यांना पडताळायचं आहे त्यांच्यासाठी तो अख्खा जनरेटर:

```c
static unsigned x = 0;
int juna_rand(void) {
    x = (x * 1103515245u + 12345u) & 0x7fffffff;
    return (int)x;
}
```

माझं म्हणणं एवढंच आहे की ठाणे-नवी मुंबईच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि गल्लोगल्लीच्या क्लासेसमध्ये ‘फासा टाकणारा प्रोग्रॅम लिहा’ हे प्रात्यक्षिक ज्या पद्धतीने करून घेतात, ती आता थांबवावी. जर्नलमधलं उत्तर ठरलेलं असतं: `srand(time(NULL))` आणि खाली `rand() % 6 + 1`. पुढे हीच मुलं ऐरोली-महापेच्या कंपन्यांत जातात आणि ही ओळ सोबत नेतात. सोसायटीच्या पार्किंगची सोडत काढायला ‘तू कॉम्प्युटरवाला ना’ म्हणून त्यांनाच बोलावलं जातं.

आधी बिघाडाचं कारण बघू, कारण ते शाळेच्या गणितातलं आहे. प्रत्येक पायरीवर जुन्या संख्येला १,१०,३५,१५,२४५ ने गुणायचं, १२,३४५ मिळवायचे आणि खालचे ३१ बिट ठेवून वरचे टाकून द्यायचे. गुणक विषम आहे आणि मिळवायची संख्याही विषम आहे. विषमला विषमने गुणून त्यात विषम मिळवलं की सम येतं, आणि समला विषमने गुणून विषम मिळवलं की विषम. वरचे बिट टाकल्याने सम-विषमपणा बदलत नाही. सहाने भागून बाकी घेतली तरी बदलत नाही, कारण सहा ही सम संख्या आहे. म्हणून शेवटचा बिट आलटून पालटून शून्य आणि एक होत राहतो, आणि तो थेट फाशावर उमटतो.

त्याच्या वरचा बिटही फारसा बरा नाही. शेवटचे दोन बिट मिळून दर चार पायऱ्यांनी तेच ते करतात, शेवटचे तीन दर आठ पायऱ्यांनी. या जनरेटरवर `% 4` करून बघा, बीज शून्य असताना १, २, ३, ०, १, २, ३, ० असं येतं. चार खेळाडूंपैकी डाव कोणी सुरू करायचा हे ‘नशिबावर’ सोडलं होतं, आणि नशीब मुकाट्याने रांगेत उभं आहे! वरचे बिट मात्र खूप जास्त घोळवलेले असतात. १९८९च्या सी स्टँडर्डमध्ये `rand` चा जो नमुना दिला होता, त्यात हेच गुणक होते, पण तो नमुना आलेल्या संख्येला ६५,५३६ ने भागून खालचे सोळा बिट फेकून देत असे आणि वरचेच परत करत असे. बीएसडीच्या जुन्या लायब्ररीने ते न फेकता दिले. स्टँडर्डने त्याला आडकाठी केली नव्हती, कारण `rand` ने आत काय करावं हे स्टँडर्ड सांगतच नाही. किमान ३२,७६७ पर्यंत संख्या द्या, आणि तेच बीज दिलं तर तोच क्रम द्या, एवढीच अट. पुढे सी११च्या तळटीपेत तर स्पष्टच लिहिलं गेलं की दर्जाची हमी नाही आणि काही लायब्रऱ्यांचे खालचे बिट चिंता वाटावी इतके नियमित असतात.

आता प्रात्यक्षिकाकडे येतो, कारण मला खरा राग तिथल्या ‘चाचणी’चा आहे. फासा सहा हजार वेळा टाका, कोणता आकडा किती वेळा पडला ते मोजा, आलेख काढा. प्रत्येक आकडा हजाराच्या आसपास आला की ‘निष्कर्ष: फासा निःपक्षपाती आहे’ असं लिहून सही. आपला सम-विषम फासा या चाचणीत उत्तम गुणांनी पास होतो. सहा हजारांत बरोबर तीन हजार सम आणि तीन हजार विषम येतात. खऱ्या फाशात या आकड्यात चाळीसेकांचा फरक सहज पडतो, म्हणजे इतका काटेकोर तीन हजार हाच संशयाचा पुरावा आहे. पण संशय घ्यायला आपण शिकवलेलंच नसतं. आलेख सपाट आला की सगळे खूश.

उपाय अगदी स्वस्त आहे. एकेकट्या दानांऐवजी लागोपाठच्या जोड्या मोजायच्या. सहा ओळी आणि सहा स्तंभांचा तक्ता करायचा, आधीचं दान ओळीत आणि नंतरचं स्तंभात. ३,६०० जोड्या मोजल्या तर खऱ्या फाशाच्या छत्तीस घरांपैकी प्रत्येकात शंभराच्या जवळपास नोंदी होतील, कुठे पंच्याऐंशी, कुठे एकशे बारा. जुन्या `rand` च्या तक्त्यात अठरा घरं कोरी राहतात आणि उरलेल्या अठरांत दोनशेच्या आसपास भरतात. बुद्धिबळाचा पटच तो. हे पाहायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, आणि प्रोग्रॅममध्ये भर पडते ती एका द्विमितीय ॲरेची. फासा म्हणजे सहा आकड्यांची समान वाटणी एवढंच नसतं. मागचं दान माहीत असून पुढच्याबद्दल काहीच सांगता येऊ नये, हीसुद्धा त्याची अट आहे. जर्नलमधली चाचणी पहिली अट तपासते आणि दुसरीचं नाव काढत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आज लिनक्सवर हा तक्ता करून पाहिला तर तो छान भरतो. खरं आहे. जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीचं `rand()` नेहमीच्या वापरात हा जुना जनरेटर वापरत नाही. ते मागच्या एकतीस संख्यांची आठवण ठेवतं आणि तीन पायऱ्यांपूर्वीच्या व एकतीस पायऱ्यांपूर्वीच्या संख्यांची बेरीज करून नवी संख्या काढतं. लुडोला ते चालेल. पण माझा मुद्दा इथे ढिला पडत नाही, उलट घट्ट होतो. तीच ओळ, तोच सोर्स कोड, पण लॅबमधल्या उबंटूवर एक फासा, घरच्या विंडोजवर दुसरा आणि एखाद्या जुन्या मायक्रोकंट्रोलरच्या लायब्ररीत तिसराच. आणि लिनक्सवरचाही ज्याला एकतीस निकाल पूर्णपणे दिसले, त्याला पुढचा निकाल बेरजेने सांगता येतो. फार तर एकाचा फरक पडेल.

मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत वेगळी गंमत आहे. तिथे गुणक २,१४,०१३ आहे, वरचे बिट परत येतात, म्हणून जोड्यांच्या तक्त्यात घरं कोरी राहत नाहीत. पण बीजाला एक मिळवला की पहिली संख्या फक्त तीनाने किंवा चाराने वाढते. बीज १ दिलं तर पहिली संख्या ४१, बीज २ ला ४५, ३ ला ४८, ४ ला ५१, ५ ला ५४. बीज म्हणून घड्याळ दिलं आहे आणि घड्याळ सेकंदाला एकाने सरकतं, म्हणजे प्रोग्रॅम बंद करून एका सेकंदाने पुन्हा चालवला तर पहिलं दान आधीच्या पहिल्या दानापेक्षा तीन किंवा चार घरं पुढे जातं. बहुतेक वेळा तीनच. ‘प्रोग्रॅम एकदा चालवला की एकच दान’ असं ज्यांनी लिहिलंय, त्यांचा फासा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असतो. जोड्यांची मोजणी एका धावेत न करता अनेक धावांच्या पहिल्या दानांवर केली की हा दोष उघडा पडतो.

आता त्या `%` चिन्हाबद्दल. ज्यांना `rand` वाईट आहे हे माहीत असतं, ते बहुधा बोट दाखवतात ते याच चिन्हाकडे: मायक्रोसॉफ्टच्या `rand` कडून येऊ शकणाऱ्या ३२,७६८ संख्यांना सहाने पूर्ण भाग जात नाही, बाकी दोन उरते, म्हणून एक आणि दोन हे आकडे जास्त येतात. गणित बरोबर आहे, प्रमाण मात्र कोणी सांगत नाही. एक आणि दोन यांना ५,४६२ संधी मिळतात, तीन ते सहा यांना ५,४६१. हा फरक योगायोगाच्या चढउतारातून ठळक वेगळा दिसायला सुमारे तीनशे कोटी दानं टाकावी लागतील. सुमारे दोनशे पंधरा कोटी पायऱ्यांत तर त्या जनरेटरच्या निकालांचं अख्खं चक्र संपून पहिल्यापासून सुरू होतं. सहा बाजूंच्या फाशासाठी हा दोष चर्चेत पहिल्या क्रमांकावर ठेवणं मला चुकीचं वाटतं. त्यामुळे सम-विषमाचा आणि बीजाचा दोष झाकला जातो.

पण तेच चिन्ह सोडतीत वापरलं की चित्र पालटतं. समजा वीस हजार अर्ज आहेत आणि कोणी मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीवर `rand() % 20000` लिहिलं. संख्या ० ते ३२,७६७ येतात. पहिल्या १२,७६८ अर्जांना दोन-दोन संधी, उरलेल्या ७,२३२ अर्जांना एकेकच. उशिरा अर्ज भरला म्हणून शक्यता निम्मी. अर्ज चाळीस हजार असतील तर ३२,७६८ व्या क्रमांकानंतरच्या सगळ्यांची शक्यता शून्य. सिडकोच्या आणि म्हाडाच्या घरांच्या सोडती संगणकावर निघतात, त्यांच्या प्रणालीवर हा रोख नाही. रोख आहे तो ‘चल, पाच मिनिटांत लिहून टाकतो’ म्हणणाऱ्या आपल्या ओळखीच्या मुलावर.

त्या मुलाचा मोठा घोटाळा मात्र `%` मध्ये नसून `srand(time(NULL))` मध्ये असतो. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत साठ सभासद आहेत आणि गाड्यांच्या जागा चाळीस. रविवारी सकाळी अकराला सोडत. बीज म्हणजे त्या क्षणाचा सेकंद. अख्ख्या दिवसात सेकंद ८६,४००, आणि सोडत अकरा ते सव्वाअकराच्या मध्ये निघणार असेल तर फक्त ९००. ज्याच्याकडे प्रोग्रॅम आहे त्याने शनिवारी रात्रीच हे नऊशे निकाल छापून ठेवले, तर अकरा वाजून सात मिनिटं तेवीस सेकंदांनी एंटर दाबलं की आपला नंबर लागतो, हे त्याला ठाऊक असेल. सभागृहातल्या कोणालाही काही दिसणार नाही. जनरेटर कितीही उत्तम असला तरी बीज असं असेल तर हीच गत.

असं प्रत्यक्षात घडलेलं आहे. १९९९ मध्ये रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीच्या लोकांनी ऑनलाइन पोकरचा पत्ते पिसण्याचा कोड तपासला. कोड पास्कलमध्ये होता, तऱ्हा तीच. बीज होतं मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद, म्हणजे दिवसाला फक्त ८ कोटी ६४ लाख शक्यता. बावन्न पत्त्यांचे एकूण क्रम ६८ अंकी संख्येइतके असतात, त्यांतले एवढेच निघू शकत होते. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवल्यावर त्या शक्यता सुमारे दोन लाखांवर आल्या, आणि टेबलावरचे मोजके पत्ते दिसताच बाकीच्यांच्या हातातले पत्ते त्यांना सांगता येऊ लागले.

मग वापरायचं काय? फासा टाकायचा असेल आणि तो क्रम पुन्हा मिळवायची गरज नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टमकडे मागा. बीएसडी आणि मॅकवर `arc4random_uniform(6) + 1` ही एकच ओळ पुरते. बीज देण्याची गरजच नाही, आणि बाकीचा हिशेबही ती स्वतः नीट करते. लिनक्सच्या जीलिबसीत ती २०२२च्या २.३६ आवृत्तीपासून आली. लॅबमध्ये उबंटू २२.०४ असेल तर तिथे २.३५ आहे, म्हणून कंपायलर तक्रार करेल. तिथे `getrandom` आहे. विंडोजवर `rand_s` आहे. या दोन्हींकडून ३२ बिटांची संख्या घेतली की बाकीचा प्रश्न आपला आपण सोडवायचा:

```c
#define _CRT_RAND_S
#include <stdlib.h>

int phasa(void) {
    unsigned v;
    do {
        if (rand_s(&v) != 0) abort();
    } while (v >= 4294967292u);
    return 1 + (int)(v % 6);
}
```

२ चा ३२वा घात सहाने भागला तर बाकी चार उरते. शेवटच्या त्या चार संख्या आल्या तर टाकून द्यायच्या आणि पुन्हा मागायचं. असं होण्याची वेळ शंभर कोटींत एकदा येईल, पण आता ‘जवळजवळ समान’ म्हणायची गरज उरत नाही. लूपचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. नवशिक्यांना सोपं हवं म्हणून `rand` ठेवतो, असं सांगणाऱ्या शिक्षकांना माझं उत्तर हेच: ही सात-आठ ओळींची गोष्ट आहे, आणि यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे तोंडी परीक्षेत विचारता येतं.

तोच क्रम पुन्हा हवा असेल, म्हणजे खेळातला दोष शोधताना किंवा सिम्युलेशनमध्ये, तिथे बीज आपण ठरवायचं आणि जनरेटर नावाने निवडायचा. मेलिसा ओ'नील यांचा पीसीजी (२०१४) आणि ब्लॅकमन व विन्या यांचा झोशिरो (२०१८) दोन्ही छोटे आणि वेगवान आहेत, कोड खुला आहे, आणि कुठल्याही मशीनवर तोच क्रम देतात. सी++ मध्ये `std::mt19937` हाताशी असतोच. पण यांपैकी एकही पैशाच्या किंवा हक्काच्या सोडतीत गुपित राखण्यासाठी नाही. एमटी१९९३७चे ६२४ निकाल पूर्ण दिसले की पुढचे सगळे काढता येतात.

सोसायटीच्या सोडतीसाठी मात्र मला गुपित जनरेटरपेक्षा उघड जनरेटर बरा वाटतो. इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ संस्था आपल्या निवड समितीचे सदस्य स्वयंसेवकांमधून असेच निवडते. २००४च्या आरएफसी ३७९७ मध्ये ती पद्धत लिहिलेली आहे: उमेदवारांची यादी आधी गोठवायची, बीज कुठून घेणार ते आधी जाहीर करायचं, आणि ते बीज असं असावं की जाहीर करताना कोणालाच माहीत नसेल. सोसायटीत हे खऱ्या फाशाने होतं. प्रोग्रॅम आणि क्रमवार यादी शनिवारी सगळ्यांना पाठवून द्यायची. रविवारी वेगवेगळ्या सभासदांनी मिळून फासा पंचवीस वेळा टाकायचा आणि प्रत्येक दान फळ्यावर लिहायचं. सहाचा पंचविसावा घात दोनच्या चौसष्टाव्या घातापेक्षा मोठा आहे, त्यामुळे शनिवारी रात्री निकाल छापून ठेवणं कोणाच्याही आवाक्यात राहत नाही. ती पंचवीस दानं बीज म्हणून द्यायची, आणि ज्याला शंका असेल त्याने घरी जाऊन तीच दानं देऊन तोच प्रोग्रॅम चालवून बघायचा.

यात एक खाच आहे. सी++ मध्ये `mt19937` चा क्रम सगळीकडे सारखा असतो आणि दानांतून बीज तयार करणारा `std::seed_seq` ही, पण `std::shuffle` आणि `uniform_int_distribution` यांनी आत काय करावं हे स्टँडर्डने बांधून दिलेलं नाही. सचिवांच्या विंडोजवर एक यादी निघेल आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लिनक्सवर दुसरी, आणि मग सभेत जे होईल ते होईल. म्हणून यादी पिसण्याचा भाग स्वतः लिहायचा: शेवटच्या जागेपासून सुरुवात करून प्रत्येक जागेसाठी तिच्यासकट तिच्या आधीच्या जागांमधून एक निवडायची आणि त्या दोन जागांवरच्या नावांची अदलाबदल करायची, आणि निवड वरच्या `phasa` सारखी, जास्तीच्या संख्या टाकून देऊन, फक्त `rand_s` च्या जागी `mt19937` आणि सहाच्या जागी उरलेल्या जागांची संख्या.